एक अर्ज, सात वाचणारे

खासगी कंपनीतल्या नोकरीचा अर्ज बहुधा एका व्यवस्थापकासाठी लिहिला जातो. त्याला नेमके काय हवे, याचा अंदाज घेऊन पत्राचा सूर लावता येतो. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या अर्जाचे तसे नसते. तो निवड समितीपुढे जातो आणि समितीतल्या प्रत्येकाची नजर वेगळी असते.

ही समिती कशी असते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार कुलगुरू किंवा त्यांनी नेमलेले ज्येष्ठ प्राध्यापक अध्यक्षस्थानी असतात. सोबत कुलपतींनी नामनिर्देशित केलेले एक शिक्षणतज्ज्ञ, तीन विषयतज्ज्ञ, विद्याशाखेचे अधिष्ठाता आणि विभागप्रमुख. गरजेनुसार मागासवर्गीय, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग यांचे प्रतिनिधित्व करणारा आणखी एक सदस्य येतो. गणपूर्तीला मात्र किमान चार सदस्य पुरतात, त्यांत बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ हवेत. प्रत्यक्ष खुर्चीत कोण बसेल, हे अर्ज लिहिताना उमेदवाराला ठाऊक नसते.

म्हणूनच कुणा एकाचा अंदाज बांधून त्याच्यासाठी लिहिणे धोक्याचे ठरते. एखाद्या नामवंत अभ्यासकाच्या ग्रंथाचे पत्रात भरभरून कौतुक केले आणि समितीत त्यांच्या मताचा विरोधक निघाला, तर ते कौतुक अंगावर येते. स्वतः ते अभ्यासकच समोर असले, तर बाकीच्यांना ती खुशामत वाटते. पाकिटावर आणि पत्त्यात जाहिरातीत सांगितलेला अधिकारी, बहुधा कुलसचिव, लिहावा. त्याखाली विषय आणि जाहिरात क्रमांक द्यावा. मायन्यात ‘माननीय अध्यक्ष आणि सदस्य, निवड समिती’ एवढे पुरे. पुढे ‘आपण’ म्हटले की ते सगळ्यांना लागू पडते.

खरी कसोटी मजकुरात लागते. समजा, उमेदवार इतिहासाचा आहे आणि पुणे अभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरातील महसुली कागदांवर त्याने पीएच.डी. केली आहे. अध्यक्ष कदाचित अभियांत्रिकीचे असतील. विषयतज्ज्ञांना साधने आणि पद्धत तपासायची असते. विभागप्रमुखांना वेगळीच विवंचना असते: कोणता पेपर कोण शिकवणार?

असा उमेदवार पहिल्या मसुद्यात लिहितो, ‘माझ्या संशोधनामुळे मराठेशाहीच्या अर्थव्यवस्थेचे आकलन आमूलाग्र बदलले आहे.’ अध्यक्षांना यातून काही कळत नाही आणि तज्ज्ञांच्या भुवया उंचावतात. दुसरे टोक असे: ‘आपण संधी दिल्यास मी आजन्म ऋणी राहीन.’ समिती उपकार करायला बसलेली नसते, त्यामुळे हे वाक्यही वाया जाते.

सुधारलेला परिच्छेद असा होऊ शकतो: ‘अठराव्या शतकात शेतसारा कसा ठरवला जात होता, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न आहे. त्यासाठी एका परगण्याचे मोडीतील जमाबंदीचे कागद वाचून, दुष्काळाच्या वर्षी दिलेली सूट तपासली. पदव्युत्तर वर्गाला साधनचिकित्सा आणि मोडीचे प्राथमिक वाचन मी शिकवू शकतो.’ पहिले वाक्य कुणालाही कळते, दुसऱ्यातून तज्ज्ञांना चौकशीला जागा मिळते आणि तिसरे विभागप्रमुखांच्या कामाचे आहे. कुणाचेही नाव न घेता प्रत्येकाला त्याचा वाटा मिळाला. दाव्याची जागा कामाने घेतली, त्यामुळे सूर ना चढा राहिला, ना लाचार.

मुलाखतीच्या दालनात हाच तोल आवाजात आणि नजरेत सांभाळावा लागतो. प्रश्न तज्ज्ञाने विचारला, तर उत्तराची सुरुवात त्याच्याकडे पाहून करावी, मधल्या भागात इतरांकडे नजर जाऊ द्यावी आणि शेवट पुन्हा विचारणाऱ्याकडे आणावा. सगळा वेळ अध्यक्षांकडेच पाहणाऱ्याला प्रश्नकर्ता दुखावल्याचे कळतही नाही. ‘जमाबंदी’सारखा शब्द आला, तर ‘म्हणजे गावाच्या साऱ्याची ठरवणी’ असे जाता जाता म्हणावे. मात्र थांबून, अध्यक्षांकडे वळून व्याख्या सांगितली, तर तो त्यांच्या अज्ञानाचा उल्लेख वाटतो.

दोन तज्ज्ञांचे एकमेकांशी जुंपले, तर उमेदवाराने पंच होऊ नये. ‘सूट राजकीय कारणाने दिली असावी, हा मुद्दा बरोबर आहे. मी पाहिलेल्या कागदांत मात्र पाऊस नसल्याचा उल्लेख आहे, दुसऱ्या परगण्यांबद्दल मी सांगू शकणार नाही,’ असे उत्तर दोघांचाही मान राखते आणि स्वतःचे म्हणणेही सोडत नाही. ‘आपण दोघेही बरोबर’ म्हणणारा उमेदवार गोड वाटतो, पण त्याला स्वतःचे मत आहे की नाही, हे समितीला कळत नाही.

अर्ज पाठवण्याआधी तो दोघांना वाचायला द्यावा: एक आपल्या विषयातला, एक पूर्ण बाहेरचा. बाहेरच्याला पहिला परिच्छेद समजला नाही किंवा विषयातल्याला एखादा दावा फुगवलेला वाटला, तर तेवढी वाक्ये पुन्हा लिहावीत.