सरकारी महागाई ६ टक्के, आपल्या वस्तीची किती?

मजुरी वाढवा म्हटले की उत्तर मिळते, "महागाई सहा टक्के आहे, तेवढी वाढ घ्या." तो आकडा खोटा नसतो. पण तो कोणाच्या घरचा आहे, हे आपण विचारले पाहिजे.

केंद्राचे सांख्यिकी कार्यालय आधी घरोघरी खर्चाची पाहणी करते. एकूण १०० रुपयांपैकी धान्यावर किती, औषधावर किती, प्रवासावर किती, हे त्यातून ठरते. या वाट्याला भारांक म्हणतात आणि या सगळ्या वस्तूंची मिळून एक टोपली होते. मग निवडक गावे आणि शहरांतील बाजारांतून दरमहा त्याच वस्तूंचे भाव घेतले जातात.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. भारांक काढताना सगळ्या घरांचे रुपये एकत्र केले जातात. म्हणजे महिना ४० हजार खर्चणारे घर टोपलीत ८ हजारवाल्या घरापेक्षा पाचपट जड ठरते.

ऑक्टोबर २०२४ चे उदाहरण घेऊ. देशाची महागाई ६.२१ टक्के होती. खाद्यपदार्थ १०.८७ टक्क्यांनी महागले होते आणि टोपलीत त्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. यावरून हिशेब केला तर बाकी वस्तू सुमारे ३.२ टक्क्यांनी वाढल्या होत्या.

आता मूल किंवा कुरखेड्याकडचे एक मजूर घर डोळ्यांपुढे आणू. समजा त्याच्या १०० रुपयांतले ६५ रुपये खाण्यावर जातात आणि भाववाढ देशाइतकीच आहे. खाण्याचे ७.१ आणि बाकीचे १.१ मिळून त्या घरची महागाई ८.२ टक्के झाली. रेशनचा तांदूळ जानेवारी २०२३ पासून फुकट आहे, त्यामुळे या घराचा खाण्यावरचा पैसा तेल, डाळ, भाजीकडे वळतो. त्या महिन्यात भाजी ४२ टक्क्यांनी महाग होती. म्हणजे खरा आकडा ८.२ च्याही वर जाऊ शकतो.

वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, खाद्यपदार्थ ५ टक्क्यांनी उतरले आणि देशाची महागाई ०.२५ टक्क्यावर आली. याच हिशेबाने आपल्या घरची महागाई उणे २ निघते. हेही मान्य केले पाहिजे. पण दोन वर्षांपूर्वीचे १०० रुपये १०८ वर जाऊन १०६ वर आले, १०० वर नाही. मजुरी तिथेच असेल तर घाटा कायम आहे.

२०२६ पासून नवी टोपली आली, तिचे भारांक २०२३-२४ च्या पाहणीवरून ठरले. पण तीही सरासरीचीच आहे आणि जिल्ह्याचा वेगळा आकडा तिच्यातूनही निघत नाही.

तो आपण काढू शकतो. वस्तीतल्या वीस घरांचा महिन्याचा खर्च लिहून घ्यावा, वाटे काढावेत. मग दरमहा त्याच आठवडी बाजारात, त्याच दुकानात, त्याच मापाच्या वस्तूंचे भाव टिपावेत. दुकान किंवा माप बदलले तर तुलना बिघडते. वीस घरांवरून जिल्ह्याचा दावा करता येणार नाही. पण पुढच्या बोलणीत आपल्या वस्तीचा लेखी हिशेब आपल्या हातात असेल.