सुईचं टोक गेलं कुठं?

सकाळी नऊ. रेवदंड्याच्या बाजारात दुकान उघडतोय तोवर एक ताई टेम्पोतून मशीनचं डोकं घेऊन आल्या. नारळी पौर्णिमा जवळ आलेली, ब्लाउज शिवायचे पडलेले. त्यातच रेनकोटची शिवण घालताना सुई मोडली. चाक फिरेना, म्हणून त्यांनी जोर लावला. "दादा, आता बॉबिन केसही निघत नाही."

सव्वानऊ. चाकाला हात न लावता आधी वरचा सुईचा तुकडा सैल करून काढला, मग प्रेसर फूट. सरकती पट्टी उघडून खाली मऊ कापड कोंबलं, म्हणजे स्क्रू किंवा तुकडा आत पडायचा नाही. प्लेटचे दोन स्क्रू खाऱ्या हवेनं धरलेले होते. तेलाचा थेंब टाकून तसेच ठेवले. खाचेत घट्ट बसणारा स्क्रू-ड्रायव्हर नसेल, तर स्क्रूचं डोकं खराब होतं आणि मग दिवसच वाया जातो.

दहा. प्लेट निघाली. मधला तुकडा प्लेट आणि दात्यांच्या फटीत उभा होता, चिमट्यानं आला. छिद्राच्या मागच्या काठावर ताजा चकचकीत ओरखडा दिसला. म्हणजे कापड मागून ओढलं होतं, सुई वाकली आणि प्लेटवर आपटली. त्यात जाड कापडाला चौदा नंबरची सुई!

दोन्ही तुकडे नव्या सुईशेजारी कागदावर मांडले. टोक नव्हतं. म्हणजे ते शटलपाशी असणार.

साडेदहा. बॉबिन केसभोवती दोऱ्याचा गुंता होता. तो ब्लेडनं जपून कापला, तेल सोडलं आणि चहा घेतला.

अकरा. चाक अगदी केसभर पुढं-मागं हलवत राहिलो. करकर थांबली तसा केसचा खटका उचलला गेला. केस बाहेर आली. सुईचा दांडा सर्वांत वर आणून दोन क्लिपा बाजूला केल्या, कडं काढलं, शटल हातात आलं. खोबणीत ते टोक आडवं दडलेलं होतं. चाक दाबून फिरवल्यामुळे ते शटल आणि खोबणीच्या मध्ये पाचरीसारखं बसलं होतं.

साडेअकरा. ब्रशनं खोबणी पुसली. शटलच्या नोकेवरून नख फिरवलं तर बारीक कोर लागली. ती तशीच राहिली की दोरा तुटतो, टाके सुटतात. अगदी बारीक पॉलिश पेपरनं कोर उतरवली, प्लेटच्या छिद्राचा काठही घासला. मग एक थेंब तेल टाकून सगळं उलट क्रमानं बसवलं.

बारा. अठरा नंबरची सुई, चपटी बाजू पूर्वीच्याच दिशेला. आधी चाक हातानं पूर्ण फिरवलं. कुठं 'टक' आवाज आला असता, तर पुन्हा उघडावं लागलं असतं. मग जाड कापडावर शिवून बघितलं. टाके सरळ आले.

दुपारी ताई मशीन घेऊन गेल्या. त्यांना एवढंच सांगितलं: कापड ओढू नका, दात्यांना नेऊ द्या. आणि शटलची नोक मोडलेलीच निघाली, तर घासत बसू नका, नवं शटल घ्या.