बीपी पायाचंही मोजा

१७ मेचा जागतिक रक्तदाब दिन पार पडला. शिबिरं झाली, मीठ कमी करा, रोज चाला, हे सांगून झालं. पट्टा मात्र सगळीकडे दंडालाच बांधला गेला. पन्नाशीच्या माणसाला तेवढं बहुतेकदा पुरतं. चौदा वर्षांच्या मुलाचं बीपी वाढलेलं निघालं, तर तेवढ्यावर थांबणं मला बेफिकिरी वाटते.

कारण अशा मुलांपैकी काहींना जन्मजात ‘कोआर्क्टेशन’ असतं. हृदयातून निघालेली महाधमनी डोक्याला आणि हातांना फांद्या देऊन खाली वळते. डाव्या हाताची फांदी फुटल्यानंतर लगेच, तिथेच ती आवळलेली असते. आवळलेल्या जागेच्या वर दाब चढतो, खाली उतरतो. मूत्रपिंडं खालच्या बाजूला येतात. त्यांना रक्त कमी दाबाने मिळतं, म्हणून ती रेनिन सोडून अख्ख्या शरीराचा दाब आणखी वाढवायला लावतात. नुसत्या गोळ्यांनी हा पेच सुटत नाही. हाताचं बीपी खाली आणावं, तर पायांकडचं आणि मूत्रपिंडांकडचंही आणखी उतरतं.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. चौदा वर्षांचा, ४२ किलोंचा मुलगा. अधूनमधून घोळणा फुटतो, डोकं दुखतं, धावलं की पोटऱ्या भरून येतात. उजव्या दंडावर बीपी १५८/९२. ‘परीक्षेचं टेन्शन’ म्हणून घरी पाठवता येईल. पण त्याला आडवं झोपवून पायाचा वरचा दाब मोजला, तर तो ११२ भरतो. निरोगी माणसात पायाचा दाब हाताइतका किंवा थोडा जास्तच असतो. इथे तो ४६ ने कमी आहे. २० किंवा अधिक फरक असेल, तर दुरुस्तीचा विचार करायचा, असा सर्वसाधारण दंडक आहे. मनगटाची आणि जांघेतली नाडी एकाच वेळी चाचपली, तर जांघेतली मंद आणि किंचित उशिरा लागते. त्यासाठी तर यंत्रही लागत नाही.

मोजण्यातही खाचखळगे आहेत. हात उजवाच हवा, कारण डाव्या हाताची फांदी कधी कधी त्या आवळलेल्या भागातच सापडते. मांडीला दंडाचा अरुंद पट्टा बांधला, तर आकडा खोटा मोठा येतो आणि फरक झाकला जातो. मोठ्या वयात बरगड्यांलगतच्या रक्तवाहिन्या फुगून आडवाट तयार करतात. मग फरक कमी दिसतो, आजार मात्र तेवढाच असतो. म्हणून संशय आला की टूडी इको आणि मोठ्यांमध्ये सीटी किंवा एमआरआय करावाच लागतो.

आता दुरुस्ती कधी करायची? तान्ह्या बाळाच्या बाबतीत घड्याळ फार वेगाने पळतं. गर्भातली जादा नळी जन्मानंतर काही दिवस उघडी असते, तोवर पायांकडे रक्त जातं आणि बाळ ठणठणीत दिसतं. नळी मिटली की जांघेतली नाडी हरवते, बाळ दूध सोडतं, धापा टाकतं, गार पडतं. हे बहुधा घरी गेल्यावर घडतं. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिनचं सलाइन लावून नळी पुन्हा उघडतात आणि बाळ सावरलं की शस्त्रक्रिया करतात: अरुंद तुकडा कापायचा आणि टोकं जोडायची. शल्यविशारद क्रॅफोर्ड यांनी १९४४ साली स्टॉकहोममध्ये पहिल्यांदा केलं ते हेच.

बाळाला त्रास नसेल, तर थोडं थांबता येतं, कारण अगदी लहानपणी केलेला जोड पुन्हा आवळण्याची भीती जास्त असते. साधारण २० ते २५ किलोंच्या पुढे मांडीतून तार घालून स्टेंट बसवता येतो. आपला चौदा वर्षांचा मुलगा त्याच गटातला. पण फरक ठरला आणि दाब चढलेला असला, की ‘दहावी होऊ दे, मग बघू’ याला अर्थ नाही. वरच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं जादा दाब सोसून ताठर होतात. मग अडथळा निघाला, तरी बीपी राहू शकतं आणि गोळ्या सुटत नाहीत. शस्त्रक्रिया नव्हती, त्या काळात हे रुग्ण सरासरी पस्तिशीच्या आसपास दगावत: कुणाचं हृदय थकून, कुणाची महाधमनी फुटून, कुणाला मेंदूत रक्तस्राव होऊन.

दुरुस्ती झाली म्हणजे फाईल बंद, असंही नाही. तिथे पुन्हा अरुंदपणा किंवा फुगवटा येऊ शकतो. म्हणून तपासणी जन्मभर.

शाळकरी मुलांच्या हृदयदोषांची तपासणी सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहेच. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरातून सुरू झाला. त्या पथकांनी जांघेतली नाडी चाचपणं सक्तीचं करावं. आणि आपल्या मुलाचं बीपी जास्त आहे असं कळलं, तर पालकांनी औषधाची चिठ्ठी घेण्याआधी डॉक्टरांना बिनदिक्कत विचारावं: पायाचं बीपी किती?