पडत्या बाजारातला हप्ता

एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडाच्या योजनेत ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम गुंतवत राहण्याची सोय. बँकेला एकदा परवानगी दिली की हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. पैसे फंडाकडे पोहोचतात त्या दिवशीच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या किमतीने, युनिट जमा होतात. रक्कम तीच राहते, युनिटांची संख्या मात्र दरमहा बदलते. सरासरीचे सारे गणित एवढ्यावरच उभे आहे.

समजा, हप्ता ५,००० रुपयांचा आहे आणि पाच महिन्यांत एनएव्ही ५०, ४०, २५, ४० आणि पुन्हा ५० रुपये अशी फिरली. युनिट मिळतील अनुक्रमे १००, १२५, २००, १२५ आणि १००. म्हणजे २५,००० रुपयांत ६५०. पाच महिन्यांच्या भावांची सरासरी ४१ रुपये, पण युनिट पडले सुमारे ३८ रुपये ४६ पैशांना, कारण सर्वांत जास्त खरेदी सर्वांत स्वस्त महिन्यात झाली. भाव होता तिथेच परतला, तरी गुंतवणुकीचे मूल्य ३२,५०० झाले. सगळे पैसे पहिल्याच महिन्यात घातले असते तर ५०० युनिट मिळाले असते आणि हाती २५,०००च राहिले असते.

कसोटी लागते ती तिसऱ्या महिन्यात. तोवर भरलेल्या १५,००० रुपयांचे १०,६२५ झालेले दिसतात आणि नेमके तेव्हाच अनेकांना हप्ता थांबवावासा वाटतो. तो एकच हप्ता चुकवला, तर ७,५०० रुपयांचा नफा २,५०० वर येतो. मार्च २०२० मध्ये प्रत्यक्षात हीच वेळ आली होती. जानेवारीत १२,०००च्या वर असलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा १२,००० ओलांडून गेला. सगळ्याच घसरणी इतक्या लवकर भरून निघत नाहीत, हेही खरे.

आता उलटा क्रम पाहा. एनएव्ही ५०, ६२.५०, १००, ६२.५० आणि ५० अशी गेली, तर युनिट मिळतात फक्त ४१०. सरासरी खरेदी साधारण ६१ रुपयांना होते. भावांच्या ६५ रुपये सरासरीपेक्षा ती इथेही कमीच, पण मूल्य २०,५०० आणि तोटा ४,५००. थोडक्यात, खरेदी सरासरी भावापेक्षा स्वस्त होते, पण नफ्याची हमी त्यातून मिळत नाही. बाजार सतत चढत राहिला तर एकरकमी गुंतवणूकच सरस ठरते.

आणखी एक मर्यादा जाहिरातींत सहसा दिसत नाही. दहा वर्षांत १२० हप्ते भरून झाले की नवा हप्ता आधी भरलेल्या रकमेच्या एक टक्काही नसतो. अशा वेळी बाजार कोसळला तर स्वस्तात मिळालेल्या चार युनिटांनी सरासरी फारशी हलत नाही. साठलेली सगळी रक्कम मात्र घसरते. म्हणून मुलांच्या शिक्षणासारखी ठरलेली गरज दोन-तीन वर्षांवर आली की अनेक सल्लागार जमा रक्कम टप्प्याटप्प्याने शेअर योजनेतून काढून रोखे योजनेत वळवायला सांगतात.