उतरत्या तळाच्या जलतरण तलावात पाणी किती?

तलावाचा तळ सगळीकडे सारखा असता, तर हा प्रश्न चौथी-पाचवीच्या गणिताइतका सोपा होता. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि सगळीकडे २ मीटर खोल असा तलाव घ्या. तिन्हींचा गुणाकार २,५०० घनमीटर येतो. एका घनमीटरमध्ये बरोबर १,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे पाणी झालं २५ लाख लिटर. घोटाळा होतो तो सोसायटीच्या किंवा क्लबच्या तलावात. तिथे एका टोकाला लहान मुलं उभी राहू शकतात आणि दुसऱ्या टोकाला उंच माणसाचेही पाय टेकत नाहीत. अशा तलावात ‘खोली’ म्हणून नेमका कोणता आकडा घ्यायचा?

बहुतेकांना माहीत असलेली रीत अशी: उथळ टोकाची खोली आणि खोल टोकाची खोली यांची बेरीज करून तिचे दोन भाग करायचे. त्यातून येणाऱ्या सरासरी खोलीला लांबी-रुंदीने गुणायचं. ही रीत चुकीची नाही, पण तिला एक अट आहे. तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच सरळ उतारात गेलेला हवा. तसा असेल, तर तलाव बाजूने उभा कापल्यावर समलंब चौकोन दिसतो आणि समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ काढताना आपण समांतर बाजूंची सरासरीच घेतो. सरासरीच्या रीतीमागचं भूमितीतलं कारण एवढंच आहे.

प्रत्यक्षात तळ क्वचितच इतका सरळ असतो. बांधणारे बहुतेकदा उथळ भाग सपाट ठेवतात, कारण नवशिक्यांना उभं राहायला जागा लागते. मग मध्ये उतार येतो आणि शेवटी पुन्हा थोडा सपाट खोल भाग. असा एक नमुना घेऊ. लांबी १८ मीटर, रुंदी ८ मीटर, उथळ टोकाला खोली १.०५ मीटर आणि खोल टोकाला १.९५ मीटर. नेहमीच्या रीतीने सरासरी खोली १.५० मीटर येते आणि पाणी १८ × ८ × १.५० = २१६ घनमीटर, म्हणजे २,१६,००० लिटर.

आता तळ नीट बघू. उथळ टोकापासून ९ मीटरपर्यंत तो सपाट आहे. पुढच्या ६ मीटरमध्ये तो उतरतो आणि शेवटचे ३ मीटर पुन्हा सपाट आहेत. म्हणून बाजूच्या छेदाचे तीन तुकडे करायचे. पहिल्या तुकड्याचं क्षेत्रफळ ९ × १.०५ = ९.४५ चौरस मीटर. उताराचा तुकडा मात्र खरोखरचा समलंब चौकोन आहे, त्यामुळे सरासरी तिथे चालते: ६ × १.५० = ९.०० चौरस मीटर. खोल तुकडा ३ × १.९५ = ५.८५ चौरस मीटर. बेरीज २४.३० चौरस मीटर. तिला ८ मीटर रुंदीने गुणलं की १९४.४ घनमीटर येतात, म्हणजे १,९४,४०० लिटर.

लांबी-रुंदी आणि दोन्ही टोकांची खोली तीच असूनही उत्तरात २१,६०० लिटरचा फरक पडला. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून वर काही उरेल. नेहमीची रीत इथे जास्त पाणी दाखवते, कारण उथळ सपाट भाग खोल सपाट भागापेक्षा लांब आहे. खोल भाग जास्त लांब असेल, तर तीच रीत कमी पाणी दाखवेल. आणि दोन्ही सपाट भाग सारख्याच लांबीचे असले, तर एकाची चूक दुसऱ्यात जिरते आणि उत्तर बरोबर येतं. ही रीत अनेक ठिकाणी ‘चालते’ आणि म्हणून टिकून आहे, ती यामुळेच.

तळ कुठे मोडतो हे वरून बघून ठरवू नका. पाण्यामुळे प्रकाश वळतो, त्यामुळे सरळ खाली पाहिलं तरी तळ खऱ्या खोलीच्या साधारण पाऊणपटच खोल भासतो आणि तिरकं पाहिलं तर त्याहूनही वर. उतार सुरू होतो तिथे पायाला कळतं, किंवा मोजलं की कळतं. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे लांबीच्या दिशेने ठरावीक अंतरावर खोली मोजत जाणं. पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्यावं. सफाईच्या लांब दांड्याला टेप चिकटवून तो उभा तळाला टेकवावा आणि पाण्याच्या रेषेवरचा आकडा वाचावा. दांडा नसेल तर दोरीला वजन बांधून सोडलं तरी भागतं. दांडा तिरका झाला, की खोली जास्त भरते.

आपल्या तलावात दर ३ मीटरवर मोजलं, तर सात नोंदी मिळतील: १.०५, १.०५, १.०५, १.०५, १.५०, १.९५, १.९५. इथे मोह होतो तो सातही आकड्यांची बेरीज करून सातने भागण्याचा. तसं केलं तर १.३७ मीटर येतात आणि पाणी सुमारे ३,००० लिटरने फुगतं. कारण असं की मधली प्रत्येक नोंद आपल्या दोन्ही बाजूंच्या दीड-दीड मीटरची जबाबदारी घेते, पण टोकाच्या नोंदीला एकच बाजू असते. म्हणून पहिली आणि शेवटची नोंद अर्धीच धरायची. दोन्ही अर्धे मिळून १.५०, मधल्या पाच नोंदींची बेरीज ६.६०, एकूण ८.१०. नोंदी सात असल्या तरी त्यांच्यामधली अंतरं सहाच आहेत, म्हणून सहाने भागायचं. उत्तर १.३५ मीटर. १८ × ८ × १.३५ म्हणजे पुन्हा १९४.४ घनमीटर. तुकडे पाडून आलेलं आणि नोंदींतून आलेलं उत्तर असं जुळलं, की आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. इथे ते तंतोतंत जुळलं, कारण तळ जिथे मोडतो तिथेच नोंदी पडल्या. एरवी थोडा फरक राहील, तो नोंदी जवळजवळ घेतल्या की कमी होतो.

लांबी मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. उताराचे ६ मीटर काठावरून, आडवे मोजायचे, तळाच्या फरशीवरून तिरके नाहीत. या तलावात तिरकी लांबी जेमतेम ७ सेंटीमीटरने जास्त आहे, पण उतार तीव्र असेल तर हा फरक वाढतो. तसंच लांबी-रुंदी पाण्याच्या आतल्या बाजूची हवी. काठावरचा दगड भिंतीपेक्षा आत डोकावत असतो, त्याच्यापासून मोजलं तर माप कमी भरतं.

खरं तर इतकी काळजी घ्यायची ती खोलीबाबत. या तलावाचा पृष्ठभाग १४४ चौरस मीटर आहे, म्हणून सरासरी खोलीत १ सेंटीमीटरची चूक झाली तर १,४४० लिटरचा फरक पडतो. लांबीत तेवढीच चूक झाली, तर फरक शंभर-दीडशे लिटरचा. मात्र लोक नेमकं उलट करतात. लांबी टेप ताणून दोनदा मोजतात आणि खोली भिंतीवरच्या टाइलवर लिहिलेली उचलतात. टाइलवरचा आकडा पोहणाऱ्याला सावध करण्यासाठी असतो, हिशेबासाठी नाही. तो बहुतेकदा गोळाबेरीज केलेला असतो आणि काठापासून मोजला आहे की पाण्यापासून, हेही त्यावर लिहिलेलं नसतं. पाणी काठाबरोबर वाहून जाणाऱ्या ओव्हरफ्लो तलावात त्याने फारसं बिघडत नाही. स्किमरच्या तलावात मात्र पाणी काठाच्या खाली असतं. ते १५ सेंटीमीटर खाली धरलं आणि आपण काठापासून खोली मोजली, तर या तलावात पुन्हा २१,६०० लिटर जास्त लागतात. दोन्ही चुका एकत्र झाल्या, तर उत्तर त्रेचाळीस हजार लिटरहून जास्त वाढतं.

पायऱ्याही वजा करायच्या, पण त्यांची धास्ती नको. उथळ टोकाला २ मीटर रुंद आणि प्रत्येकी ३० सेंटीमीटर पावलाच्या तीन पायऱ्या असतील, तर त्या साधारण हजार लिटर जागा अडवतात, म्हणजे एकूण पाण्याच्या अर्धा टक्का. गोलाकार कोपरेही असेच किरकोळ. आपला तलाव सुमारे १,९३,००० लिटरचा धरला की पुरे. त्यापुढचे आकडे लिहून हिशेब अचूक होत नाही. खोल भागात बाजूच्या भिंतीही आत कलत असतील, तर मात्र ही रीत पुरत नाही. तिथे रुंदीच्या दिशेनेही नोंदी घ्याव्या लागतात.

फुटांत मोजणाऱ्यांसाठी दोन सूचना. एक घनफूट म्हणजे २८.३२ लिटर. आणि ३ फूट ६ इंच हे गणकयंत्रात ३.६ नव्हे, ३.५ असं भरायचं. अमेरिकी पुस्तकांतून ७.५ ने गुणण्याचा नियम घेतला असेल, तर उत्तर त्यांच्या गॅलनमध्ये येतं. लिटर करायला ते पुन्हा ३.७८५ ने गुणावं लागतं.

लांबी-रुंदीची एक सोपी पडताळणी पाणी भरताना होते, तलावाच्या नळाला मीटर असेल तर. पातळी ५ सेंटीमीटर वाढली की मीटर ७.२ घनमीटरने पुढे जायला हवा. मोठा फरक दिसला तर एकतर माप चुकलं आहे, नाहीतर पाणी कुठेतरी गळतं आहे. खोलीची पडताळणी मात्र याने होत नाही. त्यासाठी तलाव रिकामा करून पुन्हा भरताना मीटरच्या नोंदी घ्याव्या लागतात.

हा आकडा चुकल्याचा त्रास सगळीकडे सारखा होत नाही. पाण्यातलं क्लोरीन लिटरमागे १ मिलिग्रॅमने वाढवायला १,९३,००० लिटरसाठी ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर सुमारे ३०० ग्रॅम लागते, तर चुकीच्या २,१६,००० साठी सुमारे ३३० ग्रॅम. ही चूक चाचणीत दिसते आणि क्लोरीन उन्हात उडूनही जातं. स्टॅबिलायझर म्हणून घालतात ते सायन्युरिक ॲसिड तसं नाही. लिटरमागे ३० मिलिग्रॅमसाठी ५.८ किलोऐवजी ६.५ किलो पडलं, तर जादा भाग पाण्यात तसाच राहतो आणि तो कमी करायला पाणी उपसण्याखेरीज दुसरा व्यवहार्य उपाय फारसा नाही. ओव्हरफ्लो तलावात तर बॅलन्सिंग टँकमधलं पाणीही या मात्रेच्या हिशेबात धरावं लागतं, कारण औषध तिथेही पोचतं.

आकडा निघाला, की तो पंपरूमच्या भिंतीवर लिहून ठेवा, आणि काठाखाली किती सेंटीमीटर पाणी असताना तो काढला, हेही त्याच्याशेजारी लिहा. पातळी बदलली तर पुढच्या माणसाने या तलावात दर सेंटीमीटरला १,४४० लिटर मिळवायचे किंवा वजा करायचे.