सर्किट सोडवायचं ते सांधे बघून

शाळेच्या विज्ञानात रेझिस्टरची एकसर जोडणी आणि समांतर जोडणी वेगवेगळी शिकवतात, आणि दोन्हींची सूत्रं मुलांना पाठही असतात. एकसर असतील तर रोधांची सरळ बेरीज. समांतर असतील तर व्यस्तांची बेरीज, आणि त्या बेरजेचा पुन्हा व्यस्त. पंचाईत होते ती दोन्ही जोडण्या एकाच सर्किटमध्ये आल्या की. कोणाची बेरीज करायची, कोणाचे व्यस्त घ्यायचे आणि सुरुवात कुठून करायची, हे सूत्र सांगत नाही. ते सर्किट वाचूनच ठरवावं लागतं. एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. त्यातले रेझिस्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतात, त्यामुळे ज्याला हवं त्याने ते ब्रेडबोर्डवर जोडूनही बघावं.

कागदावर चार बिंदू काढा आणि त्यांना अ, ब, क, ड अशी नावं द्या. ९ व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक अ ला आणि ऋण टोक ड ला जोडलेलं आहे. अ आणि ब यांच्यामध्ये R1 आहे, २०० ओहमचा. ब पासून वाट फुटते. एक वाट R2 मधून, म्हणजे १५० ओहममधून, थेट ड ला जाते. दुसरी वाट आधी R3 मधून, म्हणजे १८० ओहममधून, क ला पोहोचते. तिथे ती पुन्हा फुटते: R4 हा २०० ओहमचा आणि R5 हा ३०० ओहमचा, दोघेही क पासून ड पर्यंत. प्रश्न एवढाच की बॅटरीतून एकूण किती करंट निघतो?

आकडेमोडीला हात घालण्याआधी दोन कसोट्या पक्क्या करून घ्याव्यात. दोन रेझिस्टर एकसर कधी? एकातून गेलेला सगळा करंट दुसऱ्यातूनच जातो, वाटेत त्याला दुसरीकडे वळायला सांधा नसतो, तेव्हा. समांतर कधी? दोघांची दोन्ही टोकं त्याच दोन बिंदूंना जोडलेली असतात, तेव्हा. चित्रात ते एका रेषेत काढलेत की एकमेकांखाली, उभे आहेत की आडवे, याच्याशी काही देणंघेणं नाही. नुसत्या तारेने जोडलेला सगळा भाग, तो कागदावर कितीही लांब पसरलेला असला, तरी एकच बिंदू समजायचा.

या कसोट्या आपल्या सर्किटला लावू. R1 आणि R3 चित्रात एकापुढे एक येतात म्हणून त्यांची बेरीज करायचा मोह होतो. पण मध्ये ब हा सांधा आहे आणि तिथे काही करंट R2 कडे वळतो, म्हणून ते एकसर नाहीत. R2 आणि R4 दोघेही ड ला मिळतात, पण R2 चं दुसरं टोक ब वर आहे आणि R4 चं क वर. म्हणून ते समांतरही नाहीत. सुरुवातीला कसोटीला उतरणारी जोडी एकच सापडते: R4 आणि R5. दोघेही क आणि ड यांच्यामध्येच आहेत. बॅटरीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची असं सांगतात, त्याचं कारण हेच. एक बॅटरी असलेल्या अशा सर्किटमध्ये स्वच्छ जोडी बहुधा तिथेच मिळते.

आता त्या जोडीचा रोध काढू. क्षणभर समजा की या दोघांवर ६ व्होल्ट आहेत. २०० ओहममधून ३० मिलिअँपिअर जातील आणि ३०० ओहममधून २०. एकूण ५०. मग ६ व्होल्टला ५० मिलिअँपिअर जाऊ देणारा एकच रेझिस्टर लावायचा तर तो किती ओहमचा हवा? ६ भागिले ०.०५, म्हणजे १२० ओहम. व्यस्तांचं सूत्र हेच काम करतं: १/२०० अधिक १/३०० म्हणजे ५/६००, म्हणजेच १/१२०. दोनच रेझिस्टर असतील तर गुणाकार भागिले बेरीज हा जवळचा रस्ता आहे: ६०,००० भागिले ५००, उत्तर तेच. तीन असतील तर मात्र तिघांचा गुणाकार भागिले बेरीज असं करून चालत नाही. आधी दोघांचं उत्तर काढून मग तिसरा घ्यावा लागतो.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे १/१२० पर्यंत येऊन थांबणं, शेवटचा व्यस्त न घेणं. ती ओळखायची खूण सोपी आहे. समांतर जोडणीचं उत्तर त्यातल्या सर्वांत लहान रेझिस्टरपेक्षा नेहमी लहान येतं, कारण वाट वाढली की करंट वाढतो, कमी होत नाही. आणि दोघांतला फरक फार मोठा नसेल तर ते अगदी शून्याजवळही जात नाही. १२० हे २०० पेक्षा लहान आहे, म्हणून पुढे जायला हरकत नाही.

आता चित्र नव्याने काढा. क आणि ड यांच्यामध्ये एकच रेझिस्टर, १२० ओहमचा. ही नवी आकृती काढायचा कंटाळा करू नये, कारण पुढची जोडी त्या आकृतीतच दिसते. क वर आता वाट फुटत नाही, म्हणून R3 चे १८० आणि हे १२० एकसर झाले. बेरीज ३०० ओहम. पुन्हा आकृती काढा. ब पासून ड पर्यंत आता दोनच वाटा उरल्या, एक १५० ओहमची आणि एक ३०० ओहमची. दोघींची टोकं तीच, म्हणून समांतर: ४५,००० भागिले ४५०, म्हणजे १०० ओहम. शेवटच्या आकृतीत R1 चे २०० आणि हे १०० एकापुढे एक आहेत. एकूण ३०० ओहम. जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम लावला की ९ भागिले ३०० म्हणजे ०.०३ अँपिअर, अर्थात ३० मिलिअँपिअर.

बहुतेक जण इथे पेन खाली ठेवतात. पण उत्तर बरोबर आहे की नाही हे कळतं ते उलट्या वाटेने परत गेल्यावर. R1 मधून पूर्ण ३० मिलिअँपिअर जातात, म्हणून त्यावर ६ व्होल्ट पडतात. ब आणि ड यांच्यामध्ये उरले ३ व्होल्ट. R2 मधून ३ भागिले १५०, म्हणजे २० मिलिअँपिअर. दुसऱ्या वाटेने ३ भागिले ३००, म्हणजे १०. दोन्ही मिळून ३०. ब या सांध्याचा हिशेब जुळला. ते १० मिलिअँपिअर R3 वर १.८ व्होल्ट खर्च करतात, म्हणजे क आणि ड यांच्यामध्ये १.२ व्होल्ट राहतात. त्यातून R4 ला ६ आणि R5 ला ४ मिलिअँपिअर मिळतात. बेरीज १०; क चाही हिशेब जुळला. एखाद्या सांध्यावर जमाखर्च जुळला नाही, तर चूक त्याच्या आसपासच्या पायरीत आहे असं समजावं.

हे आकडे हाताशी असले की सर्किटमधला बिघाडही शोधता येतो. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून ब आणि ड यांना त्याची टोकं लावा. ३ च्या आसपास आकडा आला तर सगळं ठीक. ५.४ आला तर R2 सुटलेला आहे, कारण मग एकूण रोध ५०० ओहम होतो आणि करंट १८ मिलिअँपिअरवर येतो. पूर्ण ९ आला तर R1 वरून तार टेकून तो शॉर्ट झालाय. हा प्रकार घातक आहे. अशा वेळी R2 वर ९ व्होल्ट येतात, त्यातून ६० मिलिअँपिअर जातात आणि अर्ध्या वॅटहून थोडी जास्तच उष्णता निघते. नेहमी मिळणारा पाव वॅटचा रेझिस्टर त्यात तापून काळवंडतो. उलट R5 सुटला तर एकूण करंट ३० वरून जेमतेम २९.३ मिलिअँपिअरवर येतो. लांबच्या फांदीतला बिघाड एकूण करंटवरून ओळखू येत नाही, त्यासाठी त्या फांदीतच मोजावं लागतं.

मोजलेला आकडा नेमका ३० येईल अशी अपेक्षाही धरू नये. सोनेरी पट्ट्याचा रेझिस्टर छापील किमतीपेक्षा ५ टक्के कमी किंवा जास्त असू शकतो. त्यामुळे पाचही एकाच बाजूला झुकले तर करंट सुमारे २८.६ ते ३१.६ मिलिअँपिअर यांच्यामध्ये कुठेही येईल. बॅटरीचं व्होल्टेजही वापराने उतरतं, म्हणून गणितात छापील ९ न घेता सर्किट चालू असताना मोजलेला आकडा घ्यावा. करंट मोजताना वाट तोडून मीटर मध्ये घालायचा असतो. करंटच्या रेंजवरचा मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला तर त्याचा फ्यूज जातो. आणि रोध मोजायचा असेल तेव्हा बॅटरी आधी काढून ठेवावी.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही, हेही माहीत असावं. क पासून ड ऐवजी दोन वेगवेगळ्या वाटांच्या मध्यांना जोडणारा रेझिस्टर आला, म्हणजे व्हीटस्टनच्या सेतूसारखी रचना झाली, की एकही जोडी एकसर किंवा समांतर सापडत नाही. सेतू संतुलित असेल तर मधल्या रेझिस्टरमधून करंट जातच नाही, म्हणून तो सोडून देता येतो. नसेल तर किर्चहॉफ यांचे १८४५ सालचे नियम लावून समीकरणं सोडवावी लागतात. दोन वाटांमध्ये दोन वेगळ्या बॅटऱ्या असतील तरी तेच. तसंच जुन्या तारेच्या बल्बला ठरावीक ओहमचा रेझिस्टर समजू नये, कारण थंड असताना त्याचा रोध पेटल्यानंतरच्या रोधापेक्षा कितीतरी कमी असतो. एलईडीला तर ओहमचा नियम या सरळ रूपात लागूच होत नाही.

म्हणून मिश्र सर्किट समोर आलं की आधी सांध्यांना नावं द्या. दोन्ही कसोट्यांना एकही जोडी उतरत नसेल तर बेरीज-व्यस्ताच्या खटपटीत पडू नका, समीकरणं मांडा. जोडी सापडली तर एका वेळी एकच जोडी मिटवा, प्रत्येक वेळी आकृती नव्याने काढा, आणि सांध्यांवरचा हिशेब जुळल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारू नका.