मान झटकली, नजर हलली नाही

सकाळी ९.४०. रोवणीचे दिवस, त्यामुळे लाखनीतल्या माझ्या दवाखान्यात गर्दी कमी. पस्तिशीतली बाई ओकाऱ्या देत आली. रात्रीपासून घर फिरतंय. "बीपी लो झाला का जी?" नवऱ्याने विचारलं. डोळे उजवीकडे झटके देत होते. डावीकडे बघायला लावलं तरी झटक्यांची दिशा तीच, फक्त जोर कमी.

"माझ्या नाकाकडे बघा," म्हटलं आणि तिचं डोकं जेमतेम दहा-पंधरा अंश, पण चटकन डावीकडे वळवलं. नजर डोक्याबरोबर सरकली नि मग उडी मारून नाकावर परतली. उजवीकडे वळवलं तर हललीच नाही. म्हणजे डाव्या कानाची तोलाची नस सुजून गप्प झाली होती. चक्करेची गोळी दोन-तीन दिवसच दिली. जास्त दिवस दिली तर मेंदू नवा तोल उशिरा शिकतो.

दुपारी १२.१५. अठ्ठावन्न वर्षांचे शेतकरी, मधुमेह. साडेअकराला बांधीत चक्कर, अजून थांबलेली नाही. हातापायात जोर, तोंड सरळ, बोलणं स्वच्छ. डोकं दोन्हीकडे झटकलं. नजर नाकावर पक्की.

"नस चांगली आहे ना?" मुलाला हायसं वाटलं. मला नाही. जग फिरतंय आणि कानापासून डोळ्यापर्यंतची वाट शाबूत, तर बिघाड त्यामागे, बहुधा लहान मेंदूत. उजवीकडे बघितलं की डोळ्यांचे झटके उजवीकडे, डावीकडे बघितलं की डावीकडे. उजवा डोळा झाकून उघडला तर वरून खाली आला. आधाराशिवाय बसता येईना.

सीटीवर विसंबायचं नव्हतं; कवटीच्या तळाच्या जाड हाडांमागे मेंदूचा असा ताजा झटका सहसा दिसत नाही. २००९ मध्ये १०१ रुग्णांवरचा एक अभ्यास आला. त्यात सुरुवातीच्या एमआरआयनेही १२ टक्के झटके चुकवले, डोळ्यांच्या या तीन तपासण्यांनी एकही नाही. मात्र चक्कर चालू असेल आणि डोळे झटके देत असतील तरच त्या करायच्या. सुरुवातीला मी कूस बदलताना अर्धा मिनिट गरगरणाऱ्या एका आजोबांवर हे केलं. नजर पक्की दिसली म्हणून त्यांना घाबरवून नागपूरला धाडलं. निघाले कानातले खडे. आणि ऐकू येणं अचानक कमी झालं असेल, तर नजर सकाळच्या बाईसारखी घसरली तरी निर्धास्त राहायचं नाही. कानाला रक्त पुरवणारी धमनीच बंद असू शकते.

गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तास, म्हणजे चारपर्यंत. चिठ्ठीवर ठळक लिहिलं: "११.३० पर्यंत ठीक." तोंडाने पाणीही देऊ नका, ठसका लागेल, असं मुलाला बजावलं. १२.४० ला गाडी नागपूरकडे निघाली.

सायंकाळी ५. नागपूरहून फोन: लहान मेंदूच्या खालच्या भागात झटका. इंजेक्शन वेळेत दिलंय. आता सूज वाढते का, यावर लक्ष.

७. बाईच्या नवऱ्याचा फोन. "भिंत धरून आंगणापर्यंत गेली जी. गोळी चालूच ठेवू?" म्हटलं, आज द्या. परवापासून बंद.